कॉफी प्यायली तरी डोकं, नाही प्यायली तरी डोकं! मायग्रेनवाल्यांनो, तुमचं काय?

मृण्मयी_औंध

नमस्कार मंडळी. वय ३८, मायग्रेन कॉलेजपासून आहे, न्यूरोकडे रीतसर दाखवून झालंय, एमआरआय नॉर्मल, त्यामुळे "आधी चष्म्याचा नंबर तपासा" वगैरे प्लीज नको. महिन्याला पाच-सहा अटॅक येतात. डाव्या डोळ्याच्या मागे ठणका, उजेड नको, कुकरची शिट्टी तर अजिबात नको.

प्रश्न कॉफीचा आहे. आई म्हणते कॉफीनेच होतंय सगळं, बंद कर. नवरा म्हणतो दुखायला लागलं की कडक कॉफी घे, त्याच्या आत्येबहिणीला लगेच बरं वाटतं. माझ्याबाबतीत दोन्ही खरं आहे असं वाटतं आणि तिथेच घोळ आहे. ऑफिसात भरपूर कॉफी प्यायलेल्या दिवशी कधीकधी संध्याकाळी डोकं धरतं. आणि शनिवारी, जेव्हा ऑफिसही नाही आणि कॉफीही नाही, तेव्हा तर जवळजवळ ठरलेलंच. म्हणजे आठवडाभर वाट बघायची ती सुट्टी अंधाऱ्या खोलीत उशीखाली. मुलगा आता विचारत पण नाही शनिवारी बागेत जायचं का म्हणून.

तर कॉफी माझी मित्र की शत्रू, आणि हे आपलं आपण शोधायचं कसं?

काढा_की_कॉफी

ताई, आई बरोबर बोलतायत. कॉफीने पित्त वाढतं आणि अर्धशिशी हा पित्ताचाच खेळ आहे. मला स्वतःला १२ वर्षं त्रास होता, उलटी होऊन पित्त पडलं की डोकं उतरायचं, याहून पुरावा काय हवा? दोन वर्षांपूर्वी चहा-कॉफी दोन्ही एका झटक्यात सोडलं, सकाळी धने-जिऱ्याचं पाणी. पहिला आठवडा मेल्याहून मेल्यासारखा गेला पण आता वर्षाला दोन-तीनदा दुखलं तर दुखलं. मोजमाप, वह्या, काही लागत नाही. बंद म्हणजे बंद.

गोट्या_सांगलीकर

शनिवारी डोकं दुखतं कारण शनिवारी नवरा घरी असतो. पुढचा पेशंट 😄

मृण्मयी_औंध

गोट्या, नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो त्याचंही रविवारी दुखतं.

चिकोरी

कॉफीच्या धाग्यावर मी नाही असं कसं होईल. हे बघा, प्रॉब्लेम कॉफीत नाही, ऑफिसच्या मशीनमधल्या त्या गढूळ पाण्यात आहे. माझं बालपण माटुंग्यात गेलं, शेजारी सगळे तमिळ, तिथे कधी कुणाला कॉफीने डोकं दुखल्याचं ऐकलं नाही. पितळी फिल्टर घ्या, कॉफी-चिकोरी ८०:२० ची पावडर, दळून आणल्यापासून दोन आठवड्यांत संपवायची, उकळतं पाणी नाही तर जरा उतरलेलं, आणि पहिला डिकॉक्शन रात्रीच लावून ठेवायचा. दूध मात्र म्हशीचं नको. अजून कुणाला माटुंग्यातल्या दुकानांचा पत्ता हवा असेल तर सांगतो.

मृण्मयी_औंध

अहो चिकोरी, कॉफी कशी करायची हे नाही विचारलं हो मी 🙏

जुनी_ओपीडी

मी फिजिशियन, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, कोल्हापूर बाजूला ३० एक वर्षं ओपीडी केली. नेटवर कुणाला तपासता येत नाही, त्यामुळे मी उपचार सांगणार नाही, पण तुमच्या शनिवारबद्दल चार प्रश्न विचारतो, उत्तरं घड्याळ बघून द्या.

शुक्रवारचा शेवटचा कप किती वाजता? दिवसभरात एकूण किती आणि कशाचे? शनिवारी उठता किती वाजता आणि पहिला चहा किंवा कॉफी कधी? दुखायला नेमकं किती वाजता लागतं, म्हणजे "दुपारी" नको, तास सांगा. आणि गोळी कुठली घेता, तिच्या पाकिटावरची घटकद्रव्यं वाचून सांगा, नुसतं नाव नको.

मृण्मयी_औंध

डॉक्टर, थँक्यू. सोम ते शुक्र: सकाळी ७ ला घरी एक चहा. मग ऑफिसच्या मशीनची कॉफी साडेनऊ, साडेअकरा, तीन आणि साडेपाच. चार कप ठरलेले, मीटिंग लांबली तर पाच. शनिवारी झोप पूर्ण करायची म्हणून साडेनऊला उठते (एरवी साडेसहा), दहाला एक चहा, नाश्ता अकराच्या पुढे. कॉफी नाहीच, घरी कुणी पीत नाही. दुखायला लागतं साडेतीन ते साडेचारच्या मध्ये, हे मला माहितीये कारण मुलाची तबल्याची शिकवणी चारला असते आणि दर वेळी नवऱ्याला न्यायला लागतं.

गोळीचं पाकीट आत्ता नीट वाचलं. पॅरासिटामॉल आणि अजून एक काहीतरी, आणि... कॅफिन ५० मिग्रॅ!! हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ही गोळी मी शनिवारी घेते आणि तासाभरात बरंच उतरतं.

जुनी_ओपीडी

आता बघा. शुक्रवार साडेपाच ते शनिवार चार, म्हणजे साडेबावीस तास. रोज कॅफिन घेणाऱ्या माणसाचं ते तुटलं की डोकं साधारण १२ ते २४ तासांत धरतं, दुसऱ्या दिवशी जास्त चढतं आणि काहीच घेतलं नाही तर आठवड्याभरात आपोआप जातं. तुमचं तेवढं चढत नाही कारण तुम्ही संध्याकाळी कॅफिनवाली गोळी घेता.

आकडा किती ते अंदाजाने धरू. इन्स्टंट कॉफीचा सपाट चमचा म्हणजे दोन ग्रॅम, त्यात साधारण ६० मिग्रॅ. चार कपांचे २४०, चहाचे ४० एक, झाले २८०. शनिवारी फक्त एक चहा, म्हणजे ४०. डोकेदुखीचं वर्गीकरण डॉक्टर लोक ज्या नियमांनी करतात त्यात हा प्रकार वेगळा नोंदलेला आहे: रोज २०० मिग्रॅच्या वर, दोन आठवड्यांहून जास्त काळ, मग तुटल्यापासून २४ तासांच्या आत दुखणं, आणि १०० मिग्रॅ घेतल्यावर तासाभरात उतरणं. तुमची गोष्ट त्याच्या बरीच जवळ जाते. त्या आत्येबहिणीला कॉफीने बरं वाटतं त्यातही थोडा हा भाग असू शकतो. अर्थात तेवढंच नाही, वेदनाशामक गोळीबरोबर कॅफिन असलं तर ती जरा जास्त लोकांना लागू पडते हे खरंच आहे, म्हणून तर कंपन्या ते घालतात.

पण थांबा, लगेच निकाल लावू नका. शनिवारी तुमची कॉफी एकटी नाही बदलत. झोप तीन तासांनी सरकते, नाश्ताही उशिरावर सरकतो, आठवड्याचा ताणही उतरतो. मायग्रेनवाल्यांना यातलं कुठलंही पुरतं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर चोर कोण ते ओळखायचं कसं? म्हणून वही.

काढा_की_कॉफी

डॉक्टरसाहेब, एवढा हिशोब करण्यापेक्षा सोडून का नाही द्यायचं? माझं गेलं ना.

जुनी_ओपीडी

तुमचं गेलं यात मला शंका नाही. एक विचारू? ती १२ वर्षं तुम्ही गोळ्या किती घ्यायचात?

काढा_की_कॉफी

घ्यायचो की, रोज एक तरी. मेडिकलवाला नाव न विचारता द्यायचा. त्या पण तेव्हाच सोडल्या, पोटाला वाईट म्हणून.

जुनी_ओपीडी

मग दोन गोष्टी एकदम सुटल्या, त्यातली मोठी कुठली ते आता सांगता येणार नाही. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस आणि कॅफिन किंवा इतर औषधं मिसळलेल्या महिन्यात १० दिवस, असं तीनेक महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. अशा माणसाने गोळी बंद केली की आधी काही दिवस हाल होतात, तुमचा तो मेल्याहून मेल्यासारखा आठवडा, आणि मग फरक पडतो. (बाकी कुणी रोजच्या गोळ्या अशा झटक्यात सोडू नका, डॉक्टरांना विचारून करा.)

आणि उलटीबद्दल. मळमळ, उलटी हा मायग्रेनचाच भाग आहे, पित्त वर आलं म्हणून डोकं दुखलं असं नाही, दोन्ही एकाच अटॅकची टोकं. उलटी झाल्यावर पुष्कळांचं उतरतं हे तुमचं निरीक्षण मात्र बरोबर आहे, ओपीडीत शेकडो लोकांनी सांगितलंय.

काढा_की_कॉफी

पटलं नाही पण ठीक. आमच्या आजीचं धने-जिरं तुमच्या आकड्यांत बसत नाही एवढंच.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. काढा यांच्यासारखंच मी पण कोल्ड टर्की केलं होतं, अनुभव सांगतो. इकडे मोठा कप म्हणजे ५९० मिलीचा, मी असे दोन प्यायचो, एक ट्रेनमध्ये आणि एक जेवणानंतर. बायकोच्या मैत्रिणीने सांगितलं सोड, गुरुवारी सोडलं. शुक्रवारी दुपारपासून जे डोकं सुरू झालं ते शनिवारी रात्री उलट्या, अर्जंट केअरला गेलो, तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला कॉफी पिता का! मला वाटलं चहा-पाणी विचारतायत. 😅

नंतर न्यूरोने हळूहळू कमी करायला सांगितलं आणि सोबत रोजची प्रिव्हेन्शनची गोळी पण सुरू केली. आता महिन्याला ९ ऐवजी ५ वेळा दुखतं. कॉफीमुळे कमी झालं की गोळीमुळे, देव जाणे. मी दोन्ही एकाच सोमवारी सुरू केलं, आता कळतंय ते चुकलं.

नाईट_ड्यूटी_नागपूर

मी स्टाफ नर्स. माझी केस वेगळी आहे, हरतालिकेची. दर वर्षी निर्जळी करते आणि दर वर्षी दुपारी तीन-चारला डोकं फुटतं, रात्री जागरणात तर बोलायला नको. सासूबाई म्हणतात उपासाची सवय राहिली नाही. हे पण कॅफिनच का? आदल्या रात्री ९ ला शेवटचा चहा असतो. ड्यूटीला असले की रोज पाच-सहा चहा होतात, आमच्याकडे चहा म्हणजे अर्धा कपच पण कडक.

जुनी_ओपीडी

रात्री ९ ते दुपारी ३ म्हणजे १८ तास, बसतं. पण त्याच १८ तासांत पाणी नाही आणि अन्न नाही, आणि ती दोन्ही कारणं स्वतंत्रपणे डोकं दुखवतात. रमजानच्या पहिल्या रोज्यांना किंवा ज्यू लोकांच्या योम किप्पूरच्या उपासाला हेच दिसतं, त्यावर लोकांनी अभ्यासही केलेत.

नाईट_ड्यूटी_नागपूर

मागच्या वर्षी मी आठ दिवस आधीपासून चहा हळूहळू कमी करत आणला होता, आदल्या दिवशी एकच. तरी दुखलं. पण रात्रीपर्यंत बसून आरती तरी करू शकले, एरवी झोपलेली असते. मग?

जुनी_ओपीडी

मग थोडं कॅफिन आणि बाकी तहान-भूक असा माझा अंदाज, पण एका हरतालिकेवरून मी छातीठोक सांगणार नाही. पाणी पिऊन उपास केलात तर अजून कळेल, पण तो निर्णय तुमचा आणि सासूबाईंचा.

मृण्मयी_औंध

डॉक्टर, वहीत काय लिहू ते सांगा ना. एक ॲप डाउनलोड केलं होतं, त्यात ४० ट्रिगरची यादी, चीज, रेड वाइन, परफ्यूम, हवामान... तीन दिवसांत सोडलं.

जुनी_ओपीडी

यादी फेकून द्या. घरात कालनिर्णय आहे ना? त्याचा चौकोन पुरतो. पाचच गोष्टी, आणि प्रत्येकीपुढे वेळ:

उठले किती वाजता. प्रत्येक कप किती वाजता, आणि कशाचा. पहिलं काहीतरी विचित्र वाटलं ते किती वाजता. दुखायला लागलं ते किती वाजता. गोळी कुठली आणि कधी. पाळीचा पहिला दिवस आला की त्या तारखेला गोल.

लोक चुकतात ते दोन ठिकाणी. एक, फक्त दुखलेल्या दिवशी लिहितात. मग वहीत दिसतं की दर वेळी दुखण्याआधी कॉफी होती, अहो पण रोजच कॉफी होती ना, न दुखलेल्या २५ दिवशीसुद्धा! ते दिवस लिहिले नाहीत तर कॉफी आयुष्यभर गुन्हेगार राहते. दुसरं, "कॉफी: हो, ३ कप" असं लिहितात. कपापेक्षा शेवटच्या कपापासूनचा वेळ जास्त बोलतो.

आणि ते "पहिलं विचित्र" सगळ्यात महत्त्वाचं. मायग्रेन दुखण्याच्या कित्येक तास आधी सुरू झालेला असतो, कधी आदल्या दिवशीच. जांभया येतात, मान आखडते, उगाच चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं, लक्ष लागत नाही. मग माणूस काय करतो? मरगळ आली म्हणून जास्तीची कॉफी घेतो. दोन तासांनी डोकं दुखतं आणि तो म्हणतो कॉफीने दुखलं. कॉफी आधी की जांभई आधी, हे घड्याळाशिवाय कळत नाही. चॉकलेटवरही हाच आळ येतो.

बॉस्टनमध्ये साधारण असंच केलं होतं, २०१९ मध्ये छापून आलं. मायग्रेनच्या ९८ जणांनी सहा आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ नोंदी ठेवल्या, दुखो न दुखो. दिवसाला एक-दोन कपांचा आणि दुखण्याचा संबंध दिसला नाही, तीन आणि त्यावर दिसला. एरवी क्वचितच पिणाऱ्यांना मात्र एक-दोनही जड गेले असावेत असं दिसलं. पण तिथेही कपाचं माप ज्याने त्याने आपापलं धरलं, त्यामुळे "तीन" हा आकडा गळ्यात बांधून घेऊ नका.

चिकोरी

माप म्हणालात म्हणून. बघा मी उगाच बडबडत नव्हतो. चिकोरीत कॅफिन नसतंच मुळी, ते मूळ आहे भाजलेलं. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात निम्म्याच्या आसपास चिकोरी चालते, कॉफी कमीत कमी ५१ टक्के पाहिजे असा नियम आहे, पाकिटावर टक्के छापावेच लागतात. म्हणजे एकाच्या चमचात ८० टक्के कॉफी आणि दुसऱ्याच्यात ५५, चव कडू दोन्हीची, पण कॅफिनमध्ये केवढा फरक. ब्रँड बदलला की डोस बदलला.

जुनी_ओपीडी

मान्य, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. महिन्याचा किराणा बदलला आणि डोकं सुरू झालं असे पेशंट आठवतायत आता, मी त्यांना ताण कमी करा म्हणून घरी पाठवलं असेल.

नाईट_ड्यूटी_नागपूर

आम्हा शिफ्टवाल्यांसाठी एक. कालनिर्णयचा चौकोन रात्री १२ ला संपतो पण आमचा दिवस संपत नाही. मी दोन वेळा घोळ घातला, रात्री १ चा चहा आणि पहाटे ५ ची डोकेदुखी दुसऱ्या तारखेत गेली आणि वाटलं चहा न पिताच दुखलं. आता झोपून उठले की नवीन दिवस असं धरते, तारीख काही का असेना.

जुनी_ओपीडी

उत्तम. आणि सगळ्यांसाठी एकदाच सांगून ठेवतो, वहीची भानगड फक्त ओळखीच्या दुखण्यासाठी. मिनिटभरात शिगेला पोचणारं असं दुखणं जे आयुष्यात कधी झालं नाही, ताप आणि मान कडक, बोलताना जीभ अडखळणं, हात-पाय लुळा पडणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, यात कालनिर्णय बघत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

मृण्मयी_औंध *(नऊ आठवड्यांनी)*

धागा वर आणतेय. आठ आठवडे लिहिलं! सासूबाई त्याच चौकोनात दुधाचे खाडे लिहितात त्यामुळे जागेवरून भांडणं झाली, एका शनिवारी "दूध नाही" खाली "डोकं ४.१०" असं आलंय, पाहुण्यांनी वाचून विचारलं दुधाचा आणि डोक्याचा काय संबंध.

पहिले चार आठवडे काहीच बदललं नाही, नुसतं लिहिलं. दुखलं सहा दिवस. पहिला, दुसरा आणि चौथा शनिवार. दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार. तिसऱ्या आठवड्यात बुधवार-गुरुवार सलग, आणि त्या गुरुवारी पाळी आली. तीनही शनिवारी शेवटच्या कॉफीपासून २२ ते २३ तास.

आता तो मंगळवार, कारण तो मला सगळ्यात आवडला. त्या दिवशी पाच कॉफ्या झाल्या होत्या आणि मी पैजेवर सांगितलं असतं की कॉफीनेच दुखलं. चौकोनात काय लिहिलंय बघा, जसंच्या तसं:

"उठ ६.३०. चहा ७. कॉ ९.३०. जांभया, मान उजवीकडे वळेना १०. कॉ १०.४५, ११.३०, ३. डोकं ३.४०. कॉ ५ (उपयोग शून्य). गोळी ६."

जास्तीचा कप पावणेअकराचा आणि जांभया दहाच्या! म्हणजे अटॅक निघाला होताच, मी मागून कॉफी ओतत होते. तो पाच वाजताचा कप काहीच करू शकला नाही हे पण नवीनच कळलं, शनिवारी मात्र गोळीतल्या कॅफिनने तासात उतरतं.

पुढचे चार आठवडे एकच गोष्ट बदलली. शनिवारी झोप तशीच, नाश्ता तसाच उशिरा, फक्त दहाला चहाऐवजी कॉफी, मग साडेअकरा, तीन आणि साडेपाच, ऑफिससारखंच मोजून, सपाट चमचा. मशीनवर विश्वास नाही म्हणून ऑफिसातही माझी बाटली नेली आणि मशीनचं फक्त गरम दुधाचं बटण दाबते. चार शनिवारांपैकी तीन कोरे. आणि एक, सातव्या आठवड्यातला, दुखला.

मुलाला तीनदा मी स्वतः तबल्याला सोडलं. त्याने दुसऱ्या वेळी विचारलं बाबा कुठे गेला?

गोट्या_सांगलीकर

म्हणजे नवरा निर्दोष सुटला. मी माझा आरोप मागे घेतो.

जुनी_ओपीडी

छान लिहिलंत. सातव्या आठवड्यात पाळी कधी होती?

मृण्मयी_औंध

गुरुवारीच. म्हणजे शनिवार तिसरा दिवस. ओह.

जुनी_ओपीडी

हो. पाळीच्या आधीचे दोन दिवस ते तिसरा दिवस, एवढ्यात येणारं दुखणं मी कॉफीच्या खात्यात टाकणार नाही. तिसऱ्या आठवड्यातलं बुधवार-गुरुवारही त्याच खात्यात. तुमची दोन वेगवेगळी दुखणी एकाच नावाने वावरत होती असं दिसतंय.

पण चार शनिवार हे थोडेच. मायग्रेनच्या मनात आलं तर तीन आठवडे तो असाच गप्प बसतो. मी असतो तर अजून चार शनिवार उलटं करून बघितलं असतं: साडेसहाला उठायचं, नाश्ता वेळेवर, पण कॉफी जुन्यासारखी बंद. तरी दुखलं तर कॅफिनवर बोट ठेवायला हरकत नाही. नाही दुखलं तर झोप-नाश्ताच मुख्य होता म्हणायचा.

मृण्मयी_औंध

डॉक्टर, मुद्दाम दुखवून घ्यायचे चार शनिवार? नको बाई. त्यापेक्षा मला चार कपच नको आहेत आता. दोनवर आणायचं आहे, म्हणजे शनिवारी कॉफीची ड्यूटी लावायला नको. कसं?

एडिसनकर

गुरुवारी एकदम सोडू नका एवढं मी खात्रीने सांगतो.

जुनी_ओपीडी

दर आठवड्याला साधारण पाव भाग कमी. तुमच्याकडे बाटली-चमचा आहे त्यामुळे सोपं आहे, कप तेवढेच ठेवा, पावडर कमी करा. पहिल्या आठवड्यात साडेपाचचा आणि तीनचा कप अर्ध्या चमच्याचा. मग साडेपाचचा नुसतं दूध. असं करत तीन-चार आठवड्यांत दोन चमच्यांवर. शनिवार-रविवारी पण तोच आकडा, सुट्टी नाही. मध्ये दुखलं तर त्याच पायरीवर एक आठवडा थांबा. आणि या काळात ती कॅफिनवाली गोळी घेतलीत तर ती हिशोबात धरा, नाहीतर एका दाराने काढाल आणि दुसऱ्या दाराने घ्याल. वेगळी कुठली गोळी घ्यायची ते तुमच्या न्यूरोला विचारा, वही सोबत न्या, त्यांचं निम्मं काम होईल.

अजून एक. गर्भनिरोधक गोळ्या घेता का? त्यांच्यामुळे कॅफिन शरीरात जवळजवळ दुप्पट वेळ राहतं, आणि कुणाला दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड दिसत असेल तर इस्ट्रोजेनवाल्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी आवर्जून बोलावं, तिथे प्रश्न डोकेदुखीपेक्षा मोठा असतो.

मृण्मयी_औंध

नाही घेत, आणि उजेड पण नाही दिसत. सोमवारपासून सुरू करते.

काढा_की_कॉफी

मी पण कालनिर्णयवर लिहायला घेतलं, गंमत म्हणून. कॉफी तर नाहीच माझ्याकडे. पण मागच्या महिन्यात दोनदा दुखलं आणि दोन्ही वेळा आदल्या दिवशी चतुर्थी होती, संध्याकाळपर्यंत पोटात काही नाही. धने-जिरं चालूच होतं. डॉक्टर, हे कशात मोडतं?

जुनी_ओपीडी

दोनवरून काही मोडत नाही. अजून चार चतुर्थ्या लिहा.

चिकोरी

मृण्मयीताई, दोनच कप प्यायचे आहेत ना आता, मग ते तरी बरे प्या. माटुंग्याचा पत्ता व्यनि करतोय. ६०:४० ची घ्या, कॅफिन आपोआप कमी.